२बी आणि पर्चेस रजिस्टर जुळत नाही, तेव्हा फरक बिलाबिलात शोधायचा

प्रश्न : "माझा हार्डवेअर-सॅनिटरीचा होलसेल धंदा आहे, रिटर्न दरमहा भरतो. ऑगस्टच्या पर्चेस रजिस्टरमध्ये आयटीसी ४,१२,६०० आहे आणि २बीमध्ये ३,९०,६४०. अकाउंटंट म्हणतो २बीचा आकडा टाकू आणि मोकळे होऊ, बावीस हजारांसाठी कुठे वेळ घालवायचा. पण हे बावीस हजार माझेच पैसे आहेत ना? नक्की जुळवायचं कसं?"

बावीस हजार हा तुमचा फरक नाही, ती दोन बेरजांची वजाबाकी आहे. काही बिलं तुमच्या वहीत आहेत पण २बीत, म्हणजे सप्लायरच्या रिटर्नवरून पोर्टलवर तयार होणाऱ्या यादीत, नाहीत, काही २बीत आहेत पण वहीत नाहीत. दोन्ही बाजूंच्या रकमा एकमेकींना खाऊन जे उरलं ते २१,९६०. त्यामुळे "हे पैसे माझे आहेत का" याचं उत्तर या आकड्यात मिळणार नाही. कदाचित यापेक्षा खूप जास्त पैसे अडकलेले असतील, आणि त्याच वेळी जो आयटीसी, म्हणजे खरेदीवर दिलेल्या जीएसटीचा क्रेडिट, तुमचा नाही तोही २बीत बसलेला असेल. माझ्याकडे येणाऱ्या फाइलींमध्ये बहुतेक वेळा दोन्ही गोष्टी एकदमच सापडतात. म्हणून अकाउंटंटचा मार्ग सोपा असला तरी सुरक्षित नाही.

आधी एक गोष्ट मान्य करतो. तुमची बिलं मी पाहिलेली नाहीत. तुमचे सप्लायर रिटर्न मासिक भरतात की तिमाही, त्यांच्यातले किती ई-इन्व्हॉइस काढतात, तुम्ही माल बाहेरच्या राज्यातून किती आणता, यावर चित्र बदलतं. आयात आणि रिव्हर्स चार्ज, म्हणजे जिथे सप्लायरऐवजी तुम्हीच कर भरता, हे विषय तर मी इथे बाजूलाच ठेवतो. त्यांचे तक्ते २बीत वेगळे असतात आणि ते या जुळवणीत मिसळायचेच नाहीत. ट्रान्सपोर्टचं रिव्हर्स चार्जचं बिल सप्लायरच्या बिलांमध्ये घालून फरक शोधत बसलेले लोक मी पुष्कळ पाहिलेत. खाली मी तुमच्याच दोन एकूण रकमा घेतो, पण आतली बिलं माझ्या अनुभवातून भरतो, म्हणजे पद्धत दिसेल.

जुळवणीला बसण्याआधी २बी म्हणजे काय हे डोक्यात स्पष्ट हवं. तुमच्या सप्लायरनी आपापल्या विक्रीच्या रिटर्नमध्ये, म्हणजे जीएसटीआर-१ मध्ये, तुमच्या नंबरावर जी बिलं दाखवली, त्यांचा एका ठरावीक वेळेपर्यंतचा फोटो म्हणजे २बी. ऑगस्टचं २बी १४ सप्टेंबरला तयार होतं. त्यात मासिक सप्लायरनी १२ ऑगस्ट ते ११ सप्टेंबर या काळात भरलेलं येतं आणि तिमाही सप्लायरनी १४ ऑगस्ट ते १३ सप्टेंबरमध्ये टाकलेलं येतं. म्हणजे इथे बिलाच्या तारखेला महत्त्व नाही, सप्लायरने रिटर्न कधी भरलं त्याला आहे. जूनचं बिल ऑगस्टच्या २बीत येऊ शकतं आणि ऑगस्टचं बिल ऑक्टोबरच्या. तुमचं पर्चेस रजिस्टर मात्र बिलाच्या किंवा एंट्रीच्या तारखेवर चालतं. दोन वेगवेगळ्या घड्याळांवर चालणारे हे कागद एका महिन्याच्या बेरजेला कधीच नीट जुळणार नाहीत, आणि त्यात चूक कोणाचीच नसते.

१ जानेवारी २०२२ पासून कायद्याने हा फोटो बंधनकारक केला. कलम १६(२)(एए) सांगतं की सप्लायरने बिल दाखवलं आणि ते तुमच्यापर्यंत पोहोचलं तरच क्रेडिट. त्याआधी सप्लायरने न दाखवलेल्या बिलांवर ठरावीक मर्यादेपर्यंत जास्तीचा क्रेडिट घेता यायचा. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये ती मर्यादा वीस टक्के होती, पुढे दहा, मग पाच झाली. आता शून्य. पण याच कलमात बाकीच्या अटीही आहेत. बिल हातात असलं पाहिजे, माल मिळालेला असला पाहिजे, सप्लायरने कर भरलेला असला पाहिजे. तुमच्या अकाउंटंटचं इथेच चुकतंय. २बी हे छत आहे. त्याच्या वर जायचं नाही हे खरं, पण छताखालचं सगळं तुमचं असं ते सांगत नाही.

आता प्रत्यक्ष काम. पोर्टलवरून २बीची एक्सेल फाइल उतरवून घ्या आणि तुमच्या रजिस्टरची एक्सेल काढा. टॅलीत किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवणीची सोय असेल तर जरूर वापरा, पण किमान दोन महिने हाताने करून बघा, असा माझा आग्रह असतो. सॉफ्टवेअर जुळलं-नाही जुळलं एवढं सांगतं. का नाही जुळलं ते बिलाकडे बघूनच कळतं.

पहिली अडचण बिल नंबरची येते. बिलावर छापलेलं असतं `ST/25-26/0417`, सप्लायरने रिटर्नमध्ये तसंच टाकलेलं असतं आणि तुमच्याकडच्या मुलाने एंट्री करताना फक्त `417` टाकलेलं असतं. म्हणून दोन्ही फाइलींमध्ये बिल नंबर स्वच्छ करणारा एक कॉलम घालायचा. तिरक्या रेघा, आडव्या रेघा आणि मोकळी जागा काढून टाकायची, अक्षरं मोठी करायची आणि त्याला सप्लायरचा जीएसटी नंबर जोडायचा. A कॉलममध्ये जीएसटी नंबर आणि C मध्ये बिल नंबर असेल तर E कॉलममध्ये हे :

```
=A2&"|"&UPPER(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(C2,"/",""),"-","")," ",""))
```

मग दोन्ही शीट एकाच फाइलीत आणायच्या, २बीच्या शीटला `2B` नाव द्यायचं आणि रजिस्टरच्या शीटवर दोन मोजण्या करायच्या. पहिली, E कॉलममधली ही किल्ली २बीच्या शीटवर किती वेळा आहे. दुसरी, ती आपल्याच शीटवर किती वेळा आहे :

```
=COUNTIF('2B'!E:E,E2)
=COUNTIF(E:E,E2)
```

पहिलीचं उत्तर शून्य आलं तर बिल २बीत नाही. दुसरीचं दोन आलं तर आपण ते दोनदा चढवलंय. तीच मोजणी २बीच्या शीटवरून उलट दिशेनेही करायची, ती विसरू नका. बहुतेक जण फक्त "माझं काय आलं नाही" एवढंच बघतात आणि "काय जास्तीचं आलंय" हे बघायचं राहून जातं.

या फेरीत `417` वाली बिलं सुटतात. त्यामुळे उरलेल्या बिलांवर दुसरी फेरी, सप्लायरचा नंबर आणि कराची रक्कम यावर. रक्कम जुळताना एक-दोन रुपयांचा राउंड-ऑफचा फरक चालवून घ्या. दोन फेऱ्यांनंतर साधारण मूठभर बिलं राहतात. ती मात्र कागद समोर ठेवून डोळ्यांनीच बघायची. जुळलेल्या बिलांवरही रकमेच्या कॉलमची वजाबाकी करा, कारण नंबर जुळला म्हणजे रक्कम जुळली असं नाही.

समजा हे सगळं केल्यावर तुमच्या वहीत असलेली पण २बीत नसलेली चार बिलं निघाली. कराच्या रकमा १८,०००, २१,६००, १४,४०० आणि ७,२००. बेरीज ६१,२००. बघा, बावीस हजारांच्या मागे एकसष्ट हजार लपलेले होते.

अशा प्रत्येक बिलाला मी एकच प्रश्न आधी विचारतो : या सप्लायरची बाकीची बिलं २बीत आली आहेत का? यावरून पुढचा रस्ता ठरतो. एकही आलं नसेल तर त्याने रिटर्नच भरलेलं नाही, उशिरा भरलंय, किंवा तो तिमाहीवाला आहे. बाकीची आली आणि हे एकच नाही, तर त्याने हे बिल चुकीच्या जागी टाकलंय, नाहीतर चूक तुमच्याकडे आहे. पोर्टलवर लॉगिन न करताही `Search Taxpayer` मध्ये त्याचा जीएसटी नंबर टाकला की जीएसटीआर-१ आणि कर भरायचं रिटर्न, म्हणजे ३बी, कधी भरलं त्याच्या तारखा दिसतात. फोन उचलण्याआधी हे बघून घ्यावं. समोरच्याला "तुम्ही भरलंत का" विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "हो, भरलंय." हातात तारीख असली की बोलणं नेमकं होतं.

१८,००० वाल्याचं एकही बिल २बीत नाही आणि तो तिमाही निघाला. तिमाहीवाल्याला पहिल्या दोन महिन्यांची बिलं आयएफएफ या सोयीतून दर महिन्याच्या १३ तारखेपर्यंत टाकता येतात, पण ती ऐच्छिक आहे. याने टाकली नाहीत. ऑगस्ट हा जुलै-सप्टेंबर तिमाहीतला मधला महिना, म्हणजे त्याने १३ ऑक्टोबरपर्यंत रिटर्न भरलं की तुमचं बिल सप्टेंबरच्या २बीत येईल. इथे काळजीचं काही नाही, फक्त वाट बघायची. हा सप्लायर मोठा असेल तर त्याला आयएफएफ टाकायची विनंती करा. तुमचा क्रेडिट एक-दोन महिने आधी मोकळा होतो, त्याला मात्र जास्तीचा कर भरावा लागत नाही, कारण माल विकल्याचा कर तो तसाही दरमहा चलनाने भरतच असतो.

२१,६०० वाल्याने जीएसटीआर-१ मुदतीनंतर, १४ सप्टेंबरला भरलंय असं पोर्टलवर दिसलं. तेही पुढच्या २बीत येईल. एकदा झालं तर सोडून द्या. दर दुसऱ्या महिन्याला होत असेल तर तो सप्लायर तुमचं भांडवल वापरतोय, आणि याविषयी त्याच्याशी बोलायला हवं.

१४,४०० वालं बिल खरं दुखणं आहे. ८०,०००चा माल, त्यावर १८ टक्के. सप्लायरने रिटर्न वेळेत भरलंय, त्याची तुमच्या नावची बाकीची तीन बिलं आलेली आहेत, हे मात्र नाही. अशा वेळी बहुतेक दोनच शक्यता उरतात. एक तर तुमच्या नंबरात एखादं अक्षर चुकून ते दुसऱ्याच्या खात्यात गेलं, किंवा त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बिल करताना तुमचा नंबर भरलाच गेला नाही आणि ते किरकोळ ग्राहकांच्या, म्हणजे बी-टू-सीच्या, एकत्रित आकड्यात मिसळलं. बिलाची प्रत काढून त्यावरचा तुमचा नंबर अक्षर-अक्षर तपासा. बिलावर ई-इन्व्हॉइसचा क्यूआर कोड असेल तर ही चूक सहसा होत नाही, कारण त्यातूनच बिल रिटर्नमध्ये जातं. वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या आतल्या सप्लायरना ई-इन्व्हॉइस लागत नाही, आणि हा घोळ त्यांच्याकडेच जास्त होतो.

या बिलासाठी सप्लायरच्या मालकाला फोन करून उपयोग नाही. त्याच्या रिटर्न भरणाऱ्या माणसापर्यंत पोहोचा. त्याला व्हॉट्सॲपवर बिलाचा फोटो, बिल नंबर, तारीख, करपात्र रक्कम, कर आणि तुमचा जीएसटी नंबर पाठवा. सोबत एक ओळ लिहा की हे बिल बी-टू-बीमध्ये दिसत नाही, बी-टू-सीमध्ये गेलं असेल तर तिथून तेवढी रक्कम कमी करून पुढच्या जीएसटीआर-१ मध्ये मूळ तारखेनेच बी-टू-बीत दाखवा. "माझं बिल आलं नाही हो" असा निरोप दिला की तो त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बिल उघडतो, तिथे ते असतंच, आणि तो म्हणतो मी टाकलंय. नेमकं काय करायचं ते लिहून दिलं की काम होतं.

यात ढिलाई का करायची नाही, त्याचा एक अनुभव सांगतो. माझ्या एका ग्राहकाचं फेब्रुवारीतलं बिल असंच बी-टू-सीत गेलं होतं. आम्ही जूनमध्ये सांगितलं, पलीकडून "पुढच्या महिन्यात करतो" असं उत्तर आलं आणि आमच्याकडेही पाठपुरावा राहिला. डिसेंबरमध्ये आठवण झाली तेव्हा सप्लायर दुरुस्ती करायला मनापासून तयार होता, पण मुदत गेली होती. एका आर्थिक वर्षातल्या बिलांची दुरुस्ती सप्लायरला, आणि त्यांचा क्रेडिट तुम्हाला, पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच करता-घेता येतो. वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर त्या तारखेपर्यंतच. माल खरा, पैसे बँकेतून दिलेले, सप्लायरने करही भरलेला, तरी क्रेडिट बुडाला. ते पैसे शेवटी सप्लायरने पुढच्या मालात वळते करून दिले, पण तो त्याचा चांगुलपणा होता. तेव्हापासून मी प्रत्येक ग्राहकाकडे न आलेल्या बिलांचं वेगळं रजिस्टर ठेवतो. त्याच्याकडे येतोच.

७,२०० वाल्याची सगळी बिलं २बीत आहेत, जितकी असायला हवीत तितकी. मग दुसरी मोजणी बघितली, तिथेही दोन आलं नाही. तरीही ते आपल्याकडेच दोनदा होतं : एकदा डिलिव्हरीबरोबर आलेल्या प्रतीवरून पूर्ण नंबर टाकून, एकदा मेलवर आलेल्या पीडीएफवरून नुसता आकडा टाकून. किल्ली वेगळी पडल्यामुळे सूत्राने पकडलं नाही, पण त्याच सप्लायरची तीच रक्कम दोन ओळींत दिसली. एक एंट्री काढून टाका. अशी एंट्री राहिली तर क्रेडिटच्या पलीकडेही त्रास आहे, सप्लायरला दोनदा पैसे जाऊ शकतात.

याशिवाय एक बिल दोन्हीकडे होतं, पण वहीत कर ५,४०० आणि २बीत ४,५००. बिल काढून बघितलं तर करपात्र रक्कम २५,०००, म्हणजे ४,५०० बरोबर. आकडे उलटे टाइप झाले होते. वहीत ९०० कमी करायचे.

आता दुसरी बाजू, २बीत आहे पण वहीत नाही. इथे समजा चार बिलं निघाली : २७,०००, ९,०००, ३,६०० आणि ३,२४०. एकूण ४२,८४०. आणि एक क्रेडिट नोट, २,७०० कराची.

२७,००० चं बिल ३० ऑगस्टचं आहे, माल गोडाउनला उतरला २ सप्टेंबरला. बिल खरं, सप्लायर प्रामाणिक, पण ऑगस्टमध्ये तुमच्याकडे माल आलेला नव्हता, म्हणून ऑगस्टमध्ये क्रेडिट नाही. गाडीची एलआर आणि गेटवरची आवक नोंद जपून ठेवा, तारखेचा पुरावा तोच. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर आयएमएस ही सप्लायरची बिलं स्वीकारायची किंवा नाकारायची सोय आहे. तिथे हे बिल `Pending` करून ठेवायचं, म्हणजे ते या महिन्याच्या हिशोबातून बाहेर राहतं. पुढच्या महिन्यात `Accept` केलं की सप्टेंबरच्या २बीत येतं. आयएमएसमध्ये काहीच केलं नाही तर बिल स्वीकारलं असंच धरलं जातं, हे लक्षात असू द्या. आणि `Pending` केलेलं बिल आपोआप परत येत नाही. ते तुम्हालाच आठवणीने उघडावं लागतं.

९,००० वाल्या सप्लायरचं नाव दुकानात कोणालाच माहीत नाही. गोडाउन, खरेदी, अगदी घरचं कोणी काही मागवलं का, हे सगळं विचारून झालं. मग ते बिल कोणाच्या तरी दुसऱ्याच्या नंबराऐवजी तुमच्या नंबरावर आलंय. ते `Reject` करायचं. एवढं विचारल्याशिवाय मात्र `Reject` करू नका. मालकाने स्वतःच्या फोनवरून मागवलेला प्रिंटर असा परत पाठवलेला मी पाहिलाय आणि नंतर सप्लायरकडून ते बिल पुन्हा चढवून घ्यायला दोन महिने गेले.

३,६०० म्हणजे मालकाच्या कारची सर्व्हिसिंग. बिल धंद्याच्या नावावर आहे म्हणून २बीत आलं, २बीने ते क्रेडिट उपलब्ध आहे असंच दाखवलं. पण कलम १७(५) खाली अशा गाडीच्या दुरुस्तीचा क्रेडिट मिळत नाही. तुमच्या अकाउंटंटने वहीत ते पूर्ण रकमेने खर्चात टाकलंय, ते बरोबरच आहे. पोर्टलला हे कळत नाही, म्हणून ३बीत ते आधी घेऊन मग उलटवून दाखवावं लागतं. २बी जसंच्या तसं उचलणाऱ्याची नेमकी इथेच चूक होते.

३,२४० हे पॅकिंग मटेरियलचं बिल, १८,००० वर. मेलमध्ये पडून राहिलं, एंट्रीच झाली नाही. बिल उतरवून घ्या, माल मिळालाय याची खात्री करा, वहीत चढवा आणि क्रेडिट घ्या.

क्रेडिट नोट रेट-डिफरन्सची निघाली. सप्लायरने कबूल केलेली सूट दिली, नोट काढली, रिटर्नमध्ये टाकली, पण तुम्हाला प्रत पाठवली नाही. २बीतून २,७०० आधीच वजा झालेले आहेत. प्रत मागवून वहीत घ्या. खरी क्रेडिट नोट मनाविरुद्ध आहे म्हणून `Reject` करू नका. तसं केलं की तेवढा कर सप्लायरच्या पुढच्या ३बीत त्याच्या अंगावर चढतो आणि संबंध बिघडतात. सूट कमी दिली असं वाटत असेल तर ते भांडण फोनवर मिटवा.

आता दोन्ही बाजूंनी उत्तर काढून बघू. वहीकडून : ४,१२,६०० मधून २बीत नसलेले ६१,२०० काढा, टायपिंगचे ९०० काढा, राहिलेले ३,२४० मिळवा, क्रेडिट नोटचे २,७०० वजा करा. येतात ३,५१,०४०. २बीकडून : ३,९०,६४० मधून न पोहोचलेल्या मालाचे २७,०००, परक्या बिलाचे ९,००० आणि कारचे ३,६०० वजा करा. येतात ३,५१,०४०. दोन वेगळ्या रस्त्यांनी एकच आकडा आला की जुळवणी झाली असं समजायचं. एका बाजूनेच काढलेल्या आकड्यावर मी सही करत नाही.

म्हणजे या महिन्याचा खरा क्रेडिट दोन्ही आकड्यांपेक्षा कमी निघाला. अकाउंटंटच्या मार्गाने गेला असतात तर ३९,६०० जास्त घेतले असते. त्यातले २७,००० फक्त महिनाभर लवकर, पण १२,६०० कधीच तुमचे नव्हते. आणि दुसरीकडे, १४,४०० चं बिल कुठे अडकलंय हे कोणी शोधलंच नसतं. तुम्हाला जे नुकसान वाटत होतं ते बावीस हजारांत नव्हतं, ते या एका बिलात होतं.

चुकून जास्त घेतलेल्या क्रेडिटवर व्याज वर्षाला १८ टक्के आहे, पण तो क्रेडिट वापरला गेला तरच. तुमच्या क्रेडिट लेजरची शिल्लक त्या चुकीच्या रकमेच्या खाली गेली की वापरला असं धरतात. ज्यांच्याकडे नेहमी मोठी शिल्लक पडून असते त्यांना व्याज बसत नाही. तुमच्यासारख्या होलसेलवाल्याची शिल्लक दर महिन्याला जवळजवळ शून्यावर येते, त्यामुळे तुम्हाला ते लगेच बसेल.

३बी भरताना आयएमएसमधले बदल १४ तारखेनंतर केले असतील तर २बी पुन्हा कॉम्प्युट करायला विसरू नका, नाहीतर जुनाच आकडा भरून येतो. आपल्या उदाहरणात पुन्हा केलेलं २बी ३,५४,६४० येईल. तेच ३बीच्या 4(A)(5) या रकान्यात. कारचे ३,६०० 4(B)(1) मध्ये, कारण ते कायमचे गेले. निव्वळ उरतात ३,५१,०४०. `Pending` करायचं राहून गेलं असेल तर २७,००० आधी 4(A)(5) मध्ये घेऊन 4(B)(2) मध्ये तात्पुरते उलटवता येतात आणि पुढे परत घेताना ते 4(A)(5) बरोबर 4(D)(1) मध्येही दाखवावे लागतात. रस्ता कायदेशीर आहे, पण पोर्टल त्या रकमेचा वेगळा हिशोब ठेवतं आणि तो सांभाळावा लागतो, म्हणून मी `Pending` पसंत करतो.

वहीत एक लेजर उघडा, नाव काहीही द्या, मी "आयटीसी २बी बाकी" देतो. १८,०००, २१,६०० आणि १४,४०० हे तीन मिळून ५४,००० मुख्य क्रेडिट लेजरमधून तिकडे वळवा. याने मुख्य लेजरची शिल्लक पोर्टलच्या शिलकेशी जुळलेली राहते आणि बाकीच्या लेजरकडे बघितलं की नेमकं किती आणि कोणाकडे अडकलंय ते एका नजरेत कळतं. व्हॅटच्या काळात विक्रीचा जे-१ आणि खरेदीचा जे-२ जुळवताना ही शिस्त नसल्यामुळे वर्षअखेरीला किती सेट-ऑफ अडकायचा, हे जुन्या व्यापाऱ्यांना आठवत असेल.

पैसे रोखून धरावेत का, हे पुष्कळ जण विचारतात. माझं मत, पूर्ण बिल अडवू नका, फार तर कराची रक्कम, आणि तेही खरेदीच्या वेळीच तसं लिहून ठरलेलं असेल तर. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेला क्रेडिट तुम्हालाच उलटवावा लागतो. शिवाय सप्लायर सूक्ष्म किंवा लघु उद्योगात नोंदलेला उत्पादक असेल तर त्याचे पैसे देण्याची आयकराची मुदतही आहे, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस. एक क्रेडिट वाचवताना दुसरीकडे खर्च नामंजूर व्हायला नको.

जुळलेल्या बिलांचं एक काम वर्षातून एकदा करायचं असतं. सप्लायरने बिल दाखवलं, पण स्वतःचं ३बी भरलंच नाही, असंही होतं. २बी जुळवून हे कळत नाही, पोर्टलवरच्या २ए या यादीत त्याच्या ३बीची स्थिती दिसते. वर्ष संपल्यानंतरच्या ३० सप्टेंबरपर्यंत त्याने ते भरलं नसेल तर नियम ३७ए प्रमाणे तुम्हाला तो क्रेडिट ३० नोव्हेंबरपर्यंत उलटवावा लागतो. त्याने नंतर भरलं की परत घेता येतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मोठ्या दहा-पंधरा सप्लायरपुरतं जरी हे बघितलंत तरी बहुतेक रक्कम तपासून होते.

तर आत्ता तुमच्या हातात काम इतकंच आहे : २० तारखेच्या आत दोन्ही फाइली वरच्या पद्धतीने जुळवून घ्या आणि राहिलेल्या बिलांचं रजिस्टर सुरू करा. सप्लायर, बिल नंबर, तारीख, कर, न येण्याचं कारण, कोणाशी कधी बोललात, आणि शेवटचा कॉलम "क्रेडिट घेतल्याचा महिना". १४ ऑक्टोबरला सप्टेंबरचं २बी आलं की नव्या बिलांकडे जाण्याआधी या रजिस्टरमधल्या जुन्या ओळी त्यात शोधा. सापडली की शेवटचा कॉलम भरा, म्हणजे तेच बिल पुढे कोणी दुसऱ्यांदा घेणार नाही. १४,४०० ची ओळ तेव्हाही रिकामी दिसली, तर त्याच दिवशी परत फोन.